मान्सूनची तारीख जाहीर करा, पण कसोटीसकट

२०१९ साली मान्सून केरळात ८ जूनला पोहोचला आणि मुंबईत २५ जूनला. चार वर्षांनी, २०२३ साली, पुन्हा तेच झाले: केरळात ८ जून, मुंबईत २५ जून. तारखा अगदी जुळल्या. हंगाम मात्र जुळले नाहीत. २०१९ साली जूनमध्ये देशभर मोठी तूट पडली, पण नंतरच्या तीन महिन्यांनी ती भरून काढली आणि चार महिन्यांचा पाऊस सरासरीच्या ११० टक्क्यांवर गेला. २०२३ साली ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि हंगाम ९४ टक्क्यांवर अडकला. आगमनाच्या तारखेवरून कुणी वर्षाचा अंदाज बांधला असता, तर दोनपैकी एका वर्षी तो हमखास फसला असता.

असे असूनही मेच्या मध्यापासून घरोघरी एकच प्रश्न असतो, ‘मान्सून कधी येणार?’ प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर म्हणून जी तारीख हाती येते ती कशाची असते, ती कोण कशावरून ठरवते आणि मुंबईसाठी ती ठरवण्याची रीत केरळपेक्षा किती सैल आहे, हे फारसे कुणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की मुंबई आणि कोकणासाठीही केरळसारखी लेखी कसोटी असावी, आणि घोषणा होईल त्या दिवशी त्या कसोटीवरचे आकडे लोकांसमोर ठेवले जावेत.

आधी केरळचे पाहू, कारण तिथली पद्धत खरोखर नीट बांधलेली आहे. सध्याचे निकष भारतीय हवामान खाते २००६पासून वापरते. त्यात तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. पहिली पावसाची. त्यासाठी १४ केंद्रे निवडली आहेत: लक्षद्वीपमधली मिनिकॉय आणि अमिनी, केरळातली तिरुवनंतपुरमपासून कन्नूर-कुडुलूपर्यंतची केंद्रे आणि कर्नाटकातले मंगळूर. १० मेनंतर यांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला, तर दुसऱ्या दिवशी मान्सून आल्याचे जाहीर करता येते. १४चे ६० टक्के म्हणजे ८.४, म्हणजे प्रत्यक्षात नऊ केंद्रे. एखाद्या दिवशी दोन केंद्रांचा अहवाल आलाच नाही, तर उरलेल्या १२मधली आठ पुरतात, कारण हिशेब उपलब्ध केंद्रांवर होतो.

२.५ मिलिमीटर म्हणजे किती, हे पर्जन्यमापक जवळून पाहिला की कळते. खात्याच्या नेहमीच्या साध्या पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याचे तोंड २०० चौरस सेंटीमीटरचे असते. त्यावर २.५ मिलिमीटर पाऊस पडला की आतल्या बाटलीत ५० मिलिलिटर पाणी जमते. कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढे. सकाळी साडेआठला निरीक्षक ते पाणी मोजपात्रात ओततो, आकडा लिहितो आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेच्या खाती जातो. मान्सूनचे आगमन म्हणजे मुसळधार पाऊस, असे आपण धरून चालतो. पण कसोटीत धो-धो पावसाची अट कुठेच नाही. पाऊस थोडा चालेल, तो विस्तीर्ण पट्ट्यावर आणि सलग हवा. एकाच गावात २०० मिलिमीटर कोसळला आणि बाकीची केंद्रे कोरडी राहिली, तर ही कसोटी हलत नाही. ते योग्यच आहे.

पण नुसत्या पावसावर विसंबले तर वळीवही मान्सून ठरेल. म्हणून दुसरी अट वाऱ्याची. विषुववृत्त ते १० अंश उत्तर अक्षांश आणि ५५ ते ८० अंश पूर्व रेखांश या समुद्राच्या चौकटीत पश्चिमेचे वारे ६०० हेक्टोपास्कलच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण सव्वाचार किलोमीटर उंचीपर्यंत, टिकून असले पाहिजेत. शिवाय त्यातल्या केरळालगतच्या लहान चौकटीत ९२५ हेक्टोपास्कलवर, जमिनीपासून पाऊण किलोमीटर उंचीवर, त्यांचा वेग १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी २८ ते ३७ किलोमीटरच्या घरात हवा. इथे वेगाइतकेच जाडीला महत्त्व आहे. खालचे वारे पश्चिमेचे आणि दोन किलोमीटरवर मात्र पूर्वेचे, अशी स्थिती मेमध्ये पुष्कळदा असते. तेव्हा समुद्रावरून बाष्प येते खरे, पण ते पातळ थरात असते. एका दुपारी गडगडाट होतो आणि दुसऱ्या दिवशी आकाश मोकळे. थर चार किलोमीटरचा झाला की बाष्पाचा पुरवठा तुटत नाही.

तिसरी अट ढगांची, आणि ती उपग्रहावरून तपासली जाते. पृथ्वीवरून अवकाशात निसटणारी उष्णता उपग्रह मोजतो. मोकळ्या, तापलेल्या समुद्रावरून ती भरपूर निसटते. उंच ढगांचे माथे अतिथंड असल्यामुळे त्यांच्यावरून कमी. केरळच्या पश्चिमेला, लक्षद्वीपच्या दक्षिण भागाजवळच्या समुद्रचौकटीत हा आकडा दर चौरस मीटरला २०० वॉटच्या खाली गेला, म्हणजे तिथे उंच आणि दाट ढगांची चादर पसरली, असे समजायचे. किनाऱ्यावर पाऊस आणि मागे समुद्रावर ढगच नाहीत, तर तो पाऊस दोन दिवसांचा पाहुणा. मागे समुद्रभर ढग असतील तर पुढचा माल वाटेत आहे.

या कसोटीचा मोठा गुण असा की तिच्याशी भांडता येते. २०२२ साली २९ मेला केरळात मान्सून जाहीर झाला तेव्हा घाई झाल्याचा आक्षेप आला. पण तो वाद केंद्रांची संख्या आणि वाऱ्यांची स्थिती या मुद्द्यांवर झाला. कोण बरोबर, हा वेगळा भाग. कसोटी लेखी होती म्हणून आक्षेप घेणाऱ्याला बोट ठेवायला जागा होती आणि खात्याला आकड्यांनी उत्तर देता आले.

मुंबईबाबत अशी सोय नाही. केरळ ओलांडल्यावर पुढची वाटचाल जाहीर करण्याचे खात्याचे सूत्र थोडक्यात असे आहे: त्या त्या हवामान विभागाच्या काही भागांत पाऊस झालेला असावा आणि मान्सूनची उत्तर सीमा सलग राहावी. जोडीला पश्चिम किनाऱ्यावर ढगांचा मुख्य पट्टा कुठे आहे आणि बाष्प किती आतवर शिरले आहे, हे उपग्रहचित्रांवरून पाहायचे. किती केंद्रे, किती मिलिमीटर, किती दिवस, वारे किती उंचीपर्यंत, यांपैकी एकाही प्रश्नाला मुंबईसाठी ठरलेला आकडा नाही. रोजचे नकाशे पाहून अनुभवी माणसे निर्णय घेतात. त्यांच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती आपल्याला मिळणाऱ्या घोषणेबद्दल, कारण तिच्यामागे काय पाहिले गेले ते आपल्यापर्यंत येत नाही.

उत्तर सीमा म्हणजे नकाशावर ओढलेली एक रेघ. आजवर मान्सून जिथवर पोहोचला असे मानले आहे, त्या ठिकाणांना जोडणारी. ती सलग ठेवायची म्हटली की शेजारच्या भागाचा निर्णय आपल्यालाही चिकटतो. खाली रत्नागिरी आणि वर डहाणू यांच्यामध्ये मुंबईला सोडून रेघ ओढता येत नाही. बहुतेक वेळा याने काही बिघडत नाही. पण ‘मुंबईत मान्सून दाखल’ या वाक्याचा अर्थ ‘रेघ मुंबईच्या वर सरकली’ इतकाच असतो. उद्या आणि परवा पाऊस पडेल, असे ते वाक्य म्हणत नाही. ऐकणारा मात्र नेमके तेच ऐकतो.

आता तारीख इतकी का हलते, याकडे येतो. मुंबईसाठी २५ जून आणि २६ मे ही दोन टोके शेजारी ठेवली की कारण हातात येते. केरळची सरासरी तारीख १ जून, मुंबईची ११ जून. २०२०पर्यंत मुंबईसाठी १० जून धरत. म्हणजे साधारण बाराशे किलोमीटर अंतर कापायला दहा दिवस. २०२४ साली ते अगदी नियमाप्रमाणे झाले: ३० मे आणि ९ जून. २०२१ साली सहा दिवस लागले, २०२० आणि २०२२मध्ये तेरा, २०१९ आणि २०२३मध्ये सतरा. आणि २०२५ साली केरळात २४ मे, मुंबईत २६ मे, अवघे दोन दिवस. केरळात मान्सून आला म्हणून दहा दिवस मोजून छत्री काढणाऱ्याला या आकड्यांत फारसा आधार मिळत नाही.

२०२३चे प्रकरण असे घडले. जूनच्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि ६ जूनला त्याचे चक्रीवादळ झाले, बिपरजॉय. ८ जूनला केरळात आगमन जाहीर झाले, ११ जूनला रेघ रत्नागिरीपर्यंत आली आणि तिथेच थबकली. पुढचे दोन आठवडे ती मुंबईच्या दिशेने हलली नाही. चक्रीवादळाभोवती आपल्या गोलार्धात वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ मुंबईच्या पश्चिमेला शेकडो किलोमीटर दूर समुद्रात असले, तर मुंबई त्याच्या उजव्या हाताला येते आणि इथे वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे, किनाऱ्याला समांतर वाहतो. पाऊस पडायला तो सह्याद्रीवर आडवा आदळायला हवा. समांतर वाहणारा वारा सह्याद्रीला घासून पुढे निघून जातो, वर चढत नाही आणि ढग पिळले जात नाहीत. त्यातून समुद्रावरचे बाष्प वादळाच्या केंद्राकडे ओढले जात होते. म्हणूनच त्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर लाटा उसळत होत्या, वारा सुसाट होता आणि पाऊस मात्र नावापुरता. १५ जूनच्या रात्री वादळ कच्छमध्ये जखौ बंदराजवळ जमिनीवर चढले आणि पुढे राजस्थानात गेले. पण वादळ गेले म्हणून मान्सून लगेच आला नाही, कारण समुद्रावरची वाऱ्यांची घडी विस्कटली होती. ती पुन्हा बसायला आठवडाभर गेला. बंगालच्या उपसागरात नवे कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन पश्चिमेकडे सरकू लागले, तेव्हा साऱ्या प्रवाहाला जोर आला आणि २५ जूनला मुंबई आणि दिल्ली या दोन्ही शहरांत एकाच दिवशी मान्सून जाहीर झाला. अशी जोडी याआधी २१ जून १९६१ला जमली होती.

२०१९ साली नाव वेगळे, गोष्ट तीच. तेव्हा वायू नावाचे चक्रीवादळ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात असेच किनाऱ्यापासून दूर राहून गुजरातच्या दिशेने गेले.

२०२५ साली अरबी समुद्रातच कमी दाबाचे क्षेत्र होते, पण ते कोकण किनाऱ्याला लागून तयार झाले. २४ मेला दुपारच्या सुमारास ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आले आणि विरत विरत पूर्वेकडे गेले. केंद्राच्या दक्षिणेला वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे थेट सह्याद्रीवर आदळणारे असतात. त्यामुळे केरळपासून गोवा-सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्याला एकदमच पश्चिमेचा भरभक्कम वारा मिळाला. केंद्र आत सरकले तसा तो वर रायगड-मुंबईकडे आला. २४ला केरळ, २५ला देवगड, २६ला मुंबई. १९५०पासूनच्या नोंदींत मुंबईतले हे सर्वांत लवकरचे आगमन. कुलाब्याचा मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम त्या वर्षी मोडला आणि वरळीच्या आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले.

एकाच समुद्रात, एकाच प्रकारचे क्षेत्र. एक किनाऱ्यापासून दूर राहून उत्तरेला गेले आणि मुंबईला दोन आठवडे उशीर झाला. दुसरे किनाऱ्याला चिकटून आत शिरले आणि दोन आठवडे आधी आणले. तारखेतला हा महिन्याभराचा फरक त्या क्षेत्राची जागा आणि दिशा यांवर ठरला. ती दिशा दहा दिवस आधी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तारीखही सांगता येत नाही. चक्रीवादळे सोडली तरी विषुववृत्तावरून साधारण ३० ते ६० दिवसांच्या अंतराने ढगांच्या लाटा पूर्वेकडे सरकत असतात. अशी लाट मेच्या अखेरीला हिंदी महासागरात असली तर मान्सूनला ढकलते, आणि तिच्यामागचा कोरडा टप्पा आला असला तर रोखून धरते. एल निनोचा कल उशीर करण्याकडे असतो, पण एखाद्या वर्षाची तारीख त्यावरून काढता येत नाही. केरळसाठी खाते मेच्या मध्याला तारखेचा अंदाज देते आणि त्यासोबत चार दिवस इकडे-तिकडे असे प्रामाणिकपणे सांगते. २०२५ साली २७ मे सांगितला होता, आला २४ला. २०१५ साली ३० मे सांगितला होता, आला ५ जूनला, तेव्हा चार दिवसांची मर्यादाही ओलांडली गेली.

लवकर आला म्हणजे चांगला, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे आणि तिला कारणही आहे. केरळातले नोंदीतले सर्वांत उशिराचे आगमन १८ जून १९७२चे. त्या साली महाराष्ट्रात जो दुष्काळ पडला तो घराघरांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुढच्या पिढ्यांनी ऐकलेला आहे. पण सर्वांत लवकरचे आगमन पाहा. ते ११ मे १९१८चे. आणि १९१८सुद्धा देशभरच्या भीषण अवर्षणाचे साल होते. मे महिन्यात कुलाब्याला जो विक्रम झाला आणि शंभरहून अधिक वर्षे टिकला, तो त्याच सालचा. २००९ तर आपल्या डोळ्यांसमोरचे. त्या वर्षी मेच्या अखेरीस बंगालच्या उपसागरातल्या आयला वादळाने वारे खेचले, २३ मेला केरळात आगमन झाले, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मान्सून जवळजवळ दोन आठवडे जागचा हलला नाही. हंगाम ७८ टक्क्यांवर संपला.

या जुन्या तारखांकडे पाहताना एक सावधगिरी ठेवावी लागते. २००६च्या आधी उपग्रहावरून ढगांची मोजणी आणि वाऱ्यांची चौकट ही कसोटीत नव्हती. मुख्य भर पावसावर आणि निर्णय घेणाऱ्याच्या जाणकारीवर होता. १९१८चे ११ मे आजच्या तीन अटींवर उतरले असते का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. मुंबईच्या तारखांना तर आजही आकड्यांची कसोटी नाही, त्यामुळे ‘इतक्या वर्षांतले सर्वांत लवकर’ ही मथळ्यातली ओळ वाचताना दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजलेली अंतरे आपण शेजारी ठेवतो आहोत, याचे भान हवे.

सैल घोषणेचा त्रास कुणाला होतो? २०२५चाच पुढचा भाग घ्या. २६ मेला मुंबई गाठून २९च्या सुमारास रेघ मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद, भवानीपाटणा, पुरी अशी येऊन ठेपली आणि जूनच्या मध्यापर्यंत तिथेच राहिली. मेमध्ये भिजलेल्या रानात रोहिणीतच पेरून घ्यावे, असा मोह त्या दिवसांत साहजिक होता. मान्सून आल्याचे तर जाहीरच झाले होते. पेरलेले उगवून आले आणि वर दोन आठवडे ऊन तापले, तर कोवळे रोप माना टाकते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. कृषी खात्याने तेव्हा घाई करू नका असे सांगितले. कृषी तज्ज्ञांचा सल्ला दर वर्षी तोच असतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय पेरू नका. हा सल्ला तारखेवर चालत नाही, आपल्या शिवारात पडलेल्या पावसावर चालतो. पण टीव्हीवर मोठ्या अक्षरांत तारीख येते आणि मिलिमीटर खालच्या पट्टीत सरकत जातात.

शहराचेही तसेच. मुंबईत नालेसफाईची मुदत ३१ मे. सरासरी ११ जून धरली तर हाताशी दहा-अकरा दिवस राहतात आणि ते सुरक्षित वाटतात. २०२५ने ते अंतर उलटे करून दाखवले. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की नाल्याला मान्सून आणि वळीव यांतला फरक कळत नाही. १७ मे २०२१ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले तेव्हा सांताक्रूझला २४ तासांत २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. तो मान्सून नव्हता, आणि कुठल्याही कसोटीने ठरलाही नसता. तरी गटारांना ते पाणी वाहून न्यायचेच होते. नालेसफाईची मुदत मान्सूनच्या सरासरी तारखेवरून मागे मोजण्यात म्हणूनच अर्थ नाही. ती मेच्या मध्याला आणली पाहिजे, कारण अरबी समुद्रातल्या वादळांचा मोसम तेव्हाच सुरू झालेला असतो.

मग मुंबईची कसोटी कशी असावी? एक आराखडा मांडतो. कोकण किनाऱ्यावर डहाणू, सांताक्रूझ, कुलाबा, अलिबाग, हर्णे, रत्नागिरी आणि वेंगुर्ले अशी वेधशाळांची साखळी आहे. मुंबईसाठी यातली हर्णे ते डहाणू ही पाच केंद्रे घ्यावीत. त्यांपैकी तिघांवर लागोपाठ दोन दिवस २.५ मिलिमीटर पाऊस हवा. मात्र कुलाबा आणि सांताक्रूझ एकाच शहरात, एकाच ढगाखाली येतात. त्यामुळे त्या तिघांत हे दोन्ही असले तर चौथेही मागावे, नाहीतर मुंबईवरचा एक वळीव अर्धी कसोटी एकटाच भरून टाकेल. वाऱ्यासाठी रोज दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, मुंबईतून फुगा सोडला जातोच. तो तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा खालपासून वरपर्यंत सांगतो. त्यात जमिनीपासून निदान तीन किलोमीटरपर्यंत पश्चिमेचा घटक असलेला वारा लागोपाठच्या चार फुग्यांत दिसावा. आणि किनाऱ्यापलीकडच्या समुद्रचौकटीत ढगांची अट केरळप्रमाणेच असावी. तीन किलोमीटर की चार, २०० वॉट की २२०, हे जुन्या ४०-५० वर्षांच्या नोंदींवर चालवून ठरवता येईल. कोणत्या आकड्याने किती वर्षी खोटी सुरुवात झाली असती आणि किती वर्षी विनाकारण उशीर झाला असता, ते मोजायचे आणि त्यातला सोयीचा मध्य निवडायचा. अवघड संशोधन नव्हे, चिकाटीचे काम आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मुंबईकडे येणारा मान्सून केरळसारखा दर वर्षी एकाच वाटेने येत नाही. कधी किनाऱ्याने चढतो, कधी बंगालच्या उपसागरातून आलेल्या क्षेत्रामुळे एका उडीत पोहोचतो. ताठर आकडे लावले तर एखाद्या वर्षी प्रत्यक्षात मान्सून नांदत असूनही कसोटी अडून बसेल. हे होईल. त्यावर उपाय असा की अखेरचा अधिकार तज्ज्ञांकडेच ठेवावा, पण कसोटी न पाळता घोषणा केली तर ‘पावसाची अट पूर्ण, वाऱ्याची अपुरी, तरी अमुक कारणाने जाहीर करत आहोत’ असे एक वाक्य सोबत द्यावे. त्या एका वाक्याने शेतकऱ्याला आणि पालिकेच्या अभियंत्याला जे कळेल ते नुसत्या तारखेतून कधीच कळत नाही: पाठीमागे बाष्पाचा जाड थर आहे, की दोन दिवसांत ऊन पडणार आहे.

असे होईपर्यंत घराच्या गच्चीवरूनही बरेच ओळखता येते. वळीव दुपारच्या तापानंतर, बहुधा तिसऱ्या प्रहरी किंवा संध्याकाळी येतो. त्याचा काळा ढग पूर्वेकडून, बदलापूर-ठाण्याच्या बाजूने उभा राहतो, आधी धूळ आणि वारा, मग विजा आणि कडकडाट, तासाभरात खेळ आटोपतो. मान्सूनची सर समुद्राच्या बाजूने येते, ढग खाली लोंबलेले आणि भरभर पूर्वेकडे धावणारे असतात, विजा कमी. आणि ती घड्याळ पाळत नाही. रात्री तीनला, पहाटे सहाला, केव्हाही येते. खालचे ढग पूर्वेकडे आणि त्यांच्या फटींतून दिसणारे वरचे पांढरे ढग पश्चिमेकडे जाताना दिसले, तर पश्चिमेच्या वाऱ्याचा थर अजून किती उंच गेला आहे ते नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही, कारण भर पावसाळ्यातही अगदी वरचे वारे पूर्वेचेच असतात. त्यासाठी फुग्याचीच नोंद पाहावी लागते. पण लागोपाठ दोन-तीन पहाटे समुद्रावरून सरी आल्या, मधल्या वेळेतही उकाडा न होता वारा वाहता राहिला आणि त्याच दिवसांत हर्णे, अलिबाग, डहाणूलाही पाऊस असल्याचे सकाळी साडेआठच्या आकड्यांत दिसले, तर घोषणा आज होवो की परवा, मान्सून मुंबईत आलेला आहे.